अ‍ॅग्रीगेटर साइटवर कंपनीची माहिती चुकीची दिसतेय? मूळ नोंदीशी ती अशी ताडून पाहा

एप्रिल उजाडला की आमच्या पर्चेस-अकाउंट्समध्ये एक रडगाणं ठरलेलं असतं. ऑडिटरसाठी सगळ्या पुरवठादारांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं जातात आणि त्यातली काही आठवड्याभरात परत येतात. पाकिटावर पोस्टमनचा शेरा: ‘सोडून गेले’. मग शोधाशोध. दर वेळी कारण एकच निघतं. पुरवठादाराची नोंद करताना कोणीतरी कंपनीचं नाव गुगलवर टाकलेलं असतं, वर आलेली पहिली साइट उघडलेली असते आणि तिथला पत्ता उचलून मास्टरमध्ये चिकटवलेला असतो. साइट दिसायला छान असते. सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक असतो, संचालकांची नावं असतात, कोपऱ्यात ‘अपडेटेड’ म्हणून अगदी चालू महिन्याची तारीखसुद्धा असते. ती तारीख पान तयार झाल्याची असते. पानावरचा मजकूर कधीचा आहे, ते तिच्यावरून कळत नाही.

मागच्या वर्षी एका मशिनिंगवाल्या प्रायव्हेट लिमिटेडच्या बाबतीत हे सगळं एकाच फायलीत पाहायला मिळालं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. आमचा 2,40,000 रुपयांचा अ‍ॅडव्हान्स त्यांच्याकडे अडकला होता. फिक्स्चर यायची होती, आली नव्हती, फोन उचलला जात नव्हता. पत्र परत आलं तेव्हा आमच्या साहेबांनी जाहीर करून टाकलं, “गेली कंपनी, पैसे विसरा.” पैसे विसरायच्या आधी मी साइटवरचं पान आणि सरकारी नोंद शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ लावून बघितली.

साइटवर माहिती येते कुठून

कंपनी कायद्याखाली भरले जाणारे सगळे फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जातात. आपण सगळे त्याला नुसतं एमसीए म्हणतो. तिथल्या मास्टर डेटाच्या, म्हणजे कंपनीच्या मूळ माहितीच्या, याद्या ठोक स्वरूपात data.gov.in वरही निघत आल्या आहेत. त्यात सीआयएन, नाव, भांडवल, स्थिती, पत्ता असतो, पण संचालक नसतात. अ‍ॅग्रीगेटर साइट एक तुकडा अशा यादीतून घेते, संचालकांचा तुकडा दुसऱ्या वेळी पोर्टलवरून उचललेला असतो, जीएसटीचा तिसरीकडून, आणि फोन-ईमेल कुठून येतो ते तीच जाणे. प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी. पान मात्र सगळं आजचंच असल्यासारखं दिसतं.

त्यातून एमसीएचं पोर्टल व्ही-3 वर गेल्यापासून मास्टर डेटा बघायलाही लॉगिन लागतं, कॅपचा भरावा लागतो. माणसाला हे दोन मिनिटांचं काम आहे, पण लाखो कंपन्या यंत्राने उचलणाऱ्याला तो अडसर आहे. त्यामुळे ज्या कंपनीचं पान कोणी फारसं उघडत नाही, तिची माहिती आहे तशीच पडून राहते. आपले छोटे पुरवठादार नेमके त्यातच मोडतात.

आधी सीआयएन, तोही त्यांच्याच कागदावरून

नावावरून शोधायला लागलात की पहिलाच पाय घसरतो. ‘प्रिसिजन’, ‘इंजिनिअरिंग’, ‘टूल्स’ हे शब्द उलटसुलट लावलेल्या चार कंपन्या एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडतील. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे कंपनीने लेटरहेड आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन छापायलाच हवा. गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही छापायला हवं. म्हणून कोटेशन किंवा बिल काढा आणि सीआयएन तिथून घ्या.

हा 21 अक्षरांचा नंबर वाचता आला तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. सगळ्यांच्या ओळखीची कंपनी घेऊ, इन्फोसिस:

```
L 85110 KA 1981 PLC 013115
```

L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर U. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्य, स्थापनेचं वर्ष, प्रकार (PLC पब्लिक, PTC प्रायव्हेट) आणि शेवटी नोंदणी क्रमांक. आता मजा बघा. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1983 मध्ये बंगळुरूला गेली. सीआयएनमध्ये मात्र 1981 च्या शेजारी KA आहे. वर्ष स्थापनेचं आणि राज्य आत्ताचं, असे दोन काळ त्या एका नंबरात शेजारी बसलेत. ‘1981 साली कर्नाटकात स्थापन’ असं यंत्राने त्यावरून लिहिलं, तर ते वाचून शंका कोणाला येणार?

उद्योगाचा आकडा तर त्याहून भारी. 85110 हा राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणाच्या 2004 च्या यादीत रुग्णालयांचा आकडा होता. 2008 ची यादी आली आणि 85 हा गट शिक्षणाचा झाला. म्हणजे साइटने जुनी यादी लावली तर इन्फोसिस दवाखाना चालवते आणि नवी लावली तर शाळा! टीसीएसच्या सीआयएनमध्ये 22210 आहे. जुन्या यादीत 22 च्या त्या गटात छपाई येते, नव्या यादीत 22 म्हणजे रबर आणि प्लास्टिक. रिलायन्सचा आकडा 17110, जुन्या यादीप्रमाणे कापड. ते निदान इतिहासाला धरून आहे, पण नव्या यादीत 17 म्हणजे कागद. नोंदणीच्या वेळी किंवा नंतर कधीतरी पडलेला आकडा व्यवसायाबरोबर आपोआप बदलत नाही, आणि कोणत्या सालची यादी लावायची हे नंबरात लिहिलेलं नसतं. तेव्हा ‘ही कंपनी मशिनिंग करतच नाही, साइटवर तिला होलसेल व्यापारी लिहिलंय’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी ती ओळ सरळ सोडून देतो. धंदा काय आहे ते वार्षिक विवरणपत्रात बघायचं. तिथे मुख्य व्यवसाय आणि उलाढालीतला त्याचा वाटा कंपनीला लिहावा लागतो.

आमच्या फायलीत काय काय निघालं

mca.gov.in वर लॉगिन करून ‘View Company or LLP Master Data’ मध्ये सीआयएन टाकला. याला पैसे पडत नाहीत. एक पान येतं, त्याची त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला.

पहिली ओळ पत्त्याची. साइटवर भोसरीचा गाळा होता, मास्टर डेटात चिंचवडमधला एक फ्लॅट. राज्याच्या आत पत्ता बदलला तर सीआयएन तोच राहतो, त्यामुळे साइटला काही हललंय याचा सुगावाच लागत नाही. पत्ता बदलल्यावर कंपनीला 30 दिवसांत INC-22 फॉर्म भरावा लागतो. तो त्यांनी दोन वर्षांपूर्वी व्यवस्थित भरला होता. आमचं पत्र परत आलं ते कंपनी बुडाली म्हणून नव्हे, भाड्याचा गाळा सुटला म्हणून.

दुसरी संचालकांची. साइटवर बाप-लेक दोघं संचालक होते आणि लेकाच्या नावापुढे ‘इतर कंपन्या’ म्हणून आणखी तीन. त्यातली एक बंद पडलेली, लाल अक्षरात ‘स्ट्राइक ऑफ’. साहेबांचं बोट तिथेच गेलं. संचालकाची ओळख नावाने लावायची नसते, डिनने लावायची असते. डिन म्हणजे त्या माणसाचा आठ आकडी क्रमांक, एका माणसाला एकच. मी त्या बंद कंपनीचा मास्टर डेटा उघडून सह्या करणाऱ्यांच्या यादीत बघितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तंतोतंत तेच, पण डिन वेगळा. दुसऱ्याच जिल्ह्यातला दुसराच माणूस. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव जुळणं किती सोपं आहे ते मतदार यादी चाळलेल्या कोणालाही विचारा. साइटने नाव जुळलं म्हणून दोघांचा एकच माणूस करून टाकला होता. राहिले वडील. मास्टर डेटाच्या यादीत ते नव्हतेच. त्यांनी राजीनामा दिल्यावर DIR-12 भरला गेला होता आणि त्यांचं नाव निघालं होतं. साइटवर संचालकांचा तुकडा त्याच्या आधीचा होता.

तिसरी भांडवलाची. साइटवर मोठ्या अक्षरात ‘भांडवल 1 लाख’. मास्टर डेटात दोन ओळी असतात: ‘Authorised Capital’ आणि ‘Paid up Capital’. पहिली म्हणजे शेअर काढायची कमाल परवानगी, दुसरी म्हणजे प्रत्यक्ष काढलेल्या शेअरांपोटी भरलेला पैसा. तिथे अनुक्रमे 50 लाख आणि 26 लाख होते. मर्यादा वाढवली की SH-7 भरतात, शेअर वाटले की PAS-3. हे दोन्ही झालेले होते, साइट अजून स्थापनेच्याच दिवशी उभी होती. काही साइट उलटं करतात. अधिकृत भांडवलच ‘कंपनीचं भांडवल’ म्हणून दाखवतात आणि 1 लाख भरलेली कंपनी 5 कोटींची दिसते. ही चूक जास्त महाग पडते, कारण ती बघून लोक उधारीवर माल देतात.

‘Active’ या शब्दावर किती विसंबायचं

मास्टर डेटात कंपनीच्या स्थितीपुढे ‘Active’ लिहिलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच, की रजिस्ट्रारच्या वहीतून नाव कमी झालेलं नाही. कारखाना चालू आहे की शटरला गंज चढलाय, हे त्यातून कळत नाही. सलग दोन आर्थिक वर्षं धंदा न करणाऱ्या कंपनीचं नाव रजिस्ट्रार कलम 248 खाली काढू शकतो, पण तशी कारवाई होईपर्यंत ती ‘Active’च दिसते. म्हणून माझी नजर आधी ‘Date of Last AGM’ आणि ‘Date of Balance Sheet’ या दोन ओळींवर जाते. ताळेबंदाची तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीच्या 31 मार्चला थांबली असेल तर काहीतरी बिघडलंय. ताळेबंद AOC-4 ने वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत जातो, विवरणपत्र MGT-7 किंवा MGT-7A ने 60 दिवसांत. उशिराला रोज 100 रुपये दंड आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. इतका दंड चढू देणारी कंपनी एक तर गाफील आहे, नाहीतर अडचणीत. आमच्या या पुरवठादाराची तारीख ताजी होती. हे बघितल्यावर साहेबही जरा गप्प झाले.

‘चालू कर्ज’ या ओळीबाबतही एक सांगतो. साइटवर बँकेचा बोजा ‘ओपन’ दिसतो आणि लोक बिचकतात. एक तर कारखाना चालवणाऱ्या कंपनीवर कॅश क्रेडिटचा बोजा असणं नेहमीचंच आहे. दुसरं, कर्ज फिटल्यावर CHG-4 भरला जातो, तोही साइटवर उतरलेला नसतो. एमसीएवर बोज्यांची सूची वेगळी बघता येते, तिथे बोजा उतरल्याची तारीख दिसते.

शंभर रुपये कधी खर्चायचे

मास्टर डेटा फक्त आजची स्थिती सांगतो. ‘हा माणूस संचालक कधीपर्यंत होता?’, ‘पत्ता नक्की कोणत्या तारखेला बदलला?’ असले प्रश्न असतील तर मूळ फॉर्म बघावे लागतात. पोर्टलवर ‘View Public Documents’ आहे. कलम 399 प्रमाणे कोणीही, अगदी कंपनीशी काही संबंध नसलेला माणूससुद्धा, एका कंपनीचे कागद 100 रुपये भरून बघू शकतो. प्रमाणित प्रत हवी असेल तर पानाला 25 रुपये.

आम्हाला हे करावं लागलं, कारण आमची ऑर्डर वडिलांच्या सहीची होती. त्यांनी सही केली त्या दिवशी ते संचालक होते का? DIR-12 उघडला. त्यात आणि त्याला जोडलेल्या राजीनाम्यात तारीख होती, सही त्याच्या चार महिने आधीची. प्रश्न मिटला. इथे एक गोष्ट नीट बघा. फॉर्मवर दोन तारखा असतात, घटना घडल्याची आणि फॉर्म भरल्याची. दोन्हींत महिन्यांचं अंतर असू शकतं. साइटवर यातली कोणती छापलीय ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

उलाढाल किती, हा प्रश्नही इथेच सुटतो. साइटवर ‘1 ते 100 कोटी’ असला मोघम पट्टा असतो, खरा आकडा AOC-4 ला जोडलेल्या नफा-तोट्याच्या पत्रकात.

सरकारी नोंदही कंपनीच्याच तोंडची

एमसीएवर जे आहे ते कंपनीने भरलेलं आहे. बरेच फॉर्म पोर्टल आपोआप स्वीकारतं, कोणी अधिकारी प्रत्येक फॉर्म तपासत बसत नाही. डिजिटल सही कंपनीच्या संचालकाची आणि बऱ्याच फॉर्मवर सीए किंवा सीएसची. त्यामुळे नोंद हा कंपनीने कायद्यापुढे दिलेला जबाब समजा. खोटा निघाला तर ती अडकते, पण खरा असल्याचं रजिस्ट्रार तुम्हाला लिहून देत नाही. ईमेलची ओळ हे रोजचं उदाहरण. तिथे पुष्कळदा सीएच्या ऑफिसचा ईमेल असतो. मग एकच ईमेल असलेल्या ऐंशी कंपन्या साइटवर ‘संबंधित कंपन्या’ म्हणून एकमेकींच्या गळ्यात बांधल्या जातात. त्यांचं नातं एवढंच, की सगळ्यांची रिटर्न्स एकाच टेबलावरून जातात.

म्हणून दुसरी साक्ष जीएसटीची काढायची. gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये जीएसटी नंबर टाका, लॉगिन लागत नाही. इथेही नंबर बिलावरूनच घ्यायचा. सीआयएन आणि जीएसटी नंबर एकत्र बांधणारं असं काही उघड्यावर नाही, त्यामुळे साइट तोही नावावरून जुळवते आणि त्याच नावाच्या एखाद्या प्रोप्रायटरशिपचा नंबर कंपनीला लावून मोकळी होते. हे ओळखायची खूण सोपी आहे. 15 अक्षरांच्या जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र 27, गोवा 30. पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, कंपनी असेल तर C हवं. P असेल तर ती व्यक्ती आहे, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात P असेल तर पेमेंट तिथेच थांबवा आणि फोन लावा.

आमच्या पुरवठादाराचं सहावं अक्षर C होतं, नोंदणी चालू होती, खालच्या तक्त्यात रिटर्नही महिन्याच्या महिन्याला भरलेली दिसत होती. आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता होता चाकणचा. म्हणजे एकाच कंपनीचे तीन पत्ते झाले: साइटवर भोसरी, एमसीएवर चिंचवड, जीएसटीवर चाकण. चुकीचा त्यातला एकच. चिंचवडचा फ्लॅट संचालकाचं घर, तेच नोंदणीकृत कार्यालय. मशिनं चाकणला. दोन्ही कायदेशीर आहे आणि छोट्या कंपन्यांत सर्रास असतं.

मग पत्र कुठे पाठवायचं? कशाचं पत्र आहे त्यावर ठरतं. कायदेशीर नोटीस कलम 20 प्रमाणे नोंदणीकृत कार्यालयावर जायला हवी, तिथे राहायला कोणीही असो. माल, परतीचं चलन, जॉबवर्कचे तुकडे जीएसटीच्या पत्त्यावर. आमच्या मास्टरमध्ये आधी ‘पत्ता’ असा एकच रकाना होता. आता दोन आहेत, आणि प्रत्येकापुढे कुठून घेतला आणि कधी बघितला ते लिहायचं. नवीन लागलेल्या मुलांना हे जाचक वाटतं, वाटू दे.

तुमच्याच कंपनीची माहिती चुकीची दिसत असेल तर

आधी स्वतःचा मास्टर डेटा उघडा. निम्म्या वेळा चूक तिथेच असते, म्हणजे INC-22 किंवा DIR-12 भरायचाच राहिलेला असतो. तसं असेल तर साइटशी भांडण्यात अर्थ नाही, उशिराच्या फीसह फॉर्म भरा. उशीर जितका, तितकी फी मूळ फीच्या पटीत चढते, 180 दिवसांपुढे 12 पट. मास्टर डेटा बरोबर असेल तर साइटला मेल करा, सोबत त्या दिवशीची पीडीएफ आणि फॉर्मचा एसआरएन, म्हणजे फॉर्म भरल्यावर पोर्टल देतं तो क्रमांक, द्या. काही साइट दोन दिवसांत बदलतात, काही पैसे मागतात. पैसे देऊ नका. तेवढ्यात तुमच्या ग्राहकांना लेटरहेडवर सीआयएन छापून पाठवा, जे कायद्याने तसंही करायचंच आहे.

आमचं पत्र दुसऱ्यांदा चिंचवडला गेलं, स्पीड पोस्टने. चौथ्या दिवशी लेकाचा फोन आला. वडील आजारपणामुळे कामातून बाहेर पडले होते आणि आम्ही फोन करत होतो तो नंबर त्यांचा होता. तो नंबरही आम्ही त्याच साइटवरून उचललेला. फिक्स्चर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली, त्यातल्या एकाचा बोअर 0.05 मिलिमीटरने मोठा निघाला, पण ती तक्रार क्वालिटीवाल्यांची.